घन इलेक्ट्रोलाइट आला की चार्जिंगचं अडतं कुठे आणि सुटतं कुठे

प्रश्न: सॉलिड-स्टेट बॅटरीत द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइट असतो असं वाचलं. पण घन पदार्थातून आयन द्रवापेक्षा हळूच सरकणार ना? मग ही बॅटरी आजच्या लिथियम-आयनपेक्षा लवकर चार्ज होईल, असं कशाच्या आधारावर म्हणतात?

उत्तर:

तुमची शंका रास्त आहे. फक्त चार्जिंगचा वेग प्रामुख्याने इलेक्ट्रोलाइटमध्ये ठरतो हे त्यामागचं गृहीतक तपासून बघायला हवं. आजच्या सेलमध्ये तो ठरतो ॲनोडपाशी, म्हणजे चार्ज होताना लिथियम जिथे जाऊन बसतं तिथे. घन इलेक्ट्रोलाइटकडून वेगाची अपेक्षा आहे, कारण त्याच्यामुळे हा ॲनोडच बदलता येईल. सेल बनवणं आणि ते कसे बिघडतात हे तपासणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आधी आजच्या सेलमध्ये घोडं कुठे अडतं ते सांगतो. ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

नेहमीच्या सेलमध्ये तांब्याच्या फॉइलवर ग्राफाइटचा थर असतो, हा ॲनोड. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर निकेल-मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइडचा किंवा लोह फॉस्फेटचा थर असतो, हा कॅथोड. दोघांच्या मध्ये १०-२० मायक्रॉन जाडीचा सच्छिद्र प्लास्टिकचा सेपरेटर. सेपरेटरच्याच नव्हे, तर दोन्ही थरांच्या छिद्रांमध्येही द्रव मुरलेला असतो. हा द्रव म्हणजे कार्बोनेट विद्रावकात विरघळवलेला लिथियमचा क्षार. चार्ज करताना लिथियम आयन कॅथोडमधून निघतात, द्रवातून पलीकडे जातात आणि ग्राफाइटच्या पापुद्र्यांमध्ये शिरून बसतात.

खरी गोम या 'शिरून बसण्यात' आहे. लिथियम भरलेल्या ग्राफाइटचा विभव लिथियम धातूच्या विभवापेक्षा जेमतेम ०.१ व्होल्टने वर असतो. चार्जिंगचा करंट वाढवला की तो खाली ढकलला जातो. लिथियम धातूचा विभव शून्य धरला, तर पृष्ठभागापाशी तो शून्याच्या खाली गेला की लिथियमला ग्राफाइटच्या आत शिरण्याची गरज उरत नाही. ते बाहेरच, पृष्ठभागावर धातू म्हणून साचू लागतं. याला प्लेटिंग म्हणतात. म्हणजे वेगवान चार्जिंगसाठी लागणारा सगळा जादा रेटा आपल्याला या शंभरेक मिलिव्होल्टमध्ये बसवावा लागतो.

आकडे मांडले की ही जागा किती अरुंद आहे ते दिसतं. टोयोटाने २०२३ मध्ये सॉलिड-स्टेटसाठी जाहीर केलेलं लक्ष्य आहे १० ते ८० टक्के चार्ज १० मिनिटांत. तेच लक्ष्य नेहमीच्या सेलला लावून बघू. समजा इलेक्ट्रोडची क्षमता दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिॲम्पिअर-तास आहे, गाडीच्या सेलमध्ये साधारण एवढी असते. तिचे ७० टक्के म्हणजे २.१. हे १० मिनिटांत भरायचं तर दर चौरस सेंटिमीटरमधून १२.६ मिलिॲम्पिअर करंट सतत जायला हवा. एवढ्या क्षमतेचा ग्राफाइटचा थर सुमारे ६० मायक्रॉन जाड असतो. आयनांना या थराच्या छिद्रांमधून, वळणावळणाने, तळाशी असलेल्या तांब्यापर्यंतच्या कणांकडे पोचायचं असतं.

आता द्रवाची एक अडचण. त्यात लिथियमचे धन आयन असतात, तसेच क्षाराचे ऋण आयनही असतात आणि करंट वाहताना दोघंही हलतात, विरुद्ध दिशांना. आजच्या द्रवांमध्ये एकूण करंटपैकी लिथियमचा वाटा साधारण एक तृतीयांशच असतो. बाकीचा भार ऋण आयन उचलतात, ज्यांचा आपल्याला काही उपयोग नाही. ते कॅथोडच्या बाजूला गोळा होतात आणि ग्राफाइटच्या थरात खोलवर क्षाराची टंचाई होते. मग सेपरेटरजवळचे ग्राफाइटचे कण सगळा करंट ओढून घेतात, तळाचे कण उपाशी राहतात. पुढच्या कणांचा पृष्ठभाग लिथियमने गच्च भरतो. कणाच्या आत लिथियम सरकायलाही वेळ लागतो. तोवर पृष्ठभागाचा विभव शून्याखाली गेलेला असतो.

असा सेल ग्लोव्हबॉक्समध्ये उघडला की सगळं डोळ्यांना दिसतं. पूर्ण चार्ज झालेलं निरोगी ग्राफाइट सोनेरी असतं, अगदी झळाळतं. त्यावर करडे-रुपेरी चट्टे दिसले, विशेषतः कडेला, तर ते धातूरूप लिथियम. सेल न उघडताही अंदाज घेता येतो. चार्जिंग थांबवून सेल तसाच ठेवला की व्होल्टेज हळूहळू उतरत जातं. प्लेटिंग झालेलं असेल तर हा उतार मध्येच थबकतो, कारण साचलेलं लिथियम आता सावकाश ग्राफाइटमध्ये शिरत असतं. त्यातलं काही परत येतच नाही. ते द्रवाशी अभिक्रिया करून कायमचं निकामी होतं, तेवढी क्षमता गेली. उरलेलं काट्यासारखं वाढून सेपरेटर भेदू शकतं. चार्जर ८० टक्क्यांनंतर हात आखडता का घेतो आणि कडाक्याच्या थंडीत चार्जिंग रखडतं का, याचं मोठं कारण हेच.

म्हणजे आजच्या सेलचा वेग दोन गोष्टी रोखतात: थरामध्ये खोलवर होणारी आयनांची टंचाई आणि शून्याच्या इतका जवळ असलेला ग्राफाइटचा विभव.

पहिल्या गोष्टीवर घन इलेक्ट्रोलाइट काय करतो ते बघू. 'घन म्हणजे हळू' हे सगळ्या घन पदार्थांना लागू पडत नाही. काही स्फटिकांमध्ये बाकीचे अणू आपापल्या जागी घट्ट असतात आणि लिथियम मात्र एका रिकाम्या जागेतून दुसऱ्या रिकाम्या जागेत उड्या मारत जातं. २०११ मध्ये जपानमध्ये रियोजी कान्नो आणि सहकाऱ्यांनी जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक असलेलं असं एक लिथियम संयुग प्रसिद्ध केलं. त्याची वाहकता सामान्य तापमानाला १२ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर निघाली. नेहमीच्या द्रवाची १० च्या आसपास असते. शिवाय घन पदार्थात ऋण आयन सांगाड्यात जखडलेले असतात, ते हलूच शकत नाहीत. सगळा करंट लिथियमच वाहतं, त्यामुळे एका बाजूला गर्दी आणि दुसरीकडे टंचाई हा प्रकार इलेक्ट्रोलाइटमध्ये घडत नाही. द्रवाच्या १० पैकी लिथियमच्या वाट्याला तीन-साडेतीन येतात हे लक्षात घेतलं, तर चांगला सल्फाइड, म्हणजे असा गंधक असलेला घन इलेक्ट्रोलाइट, द्रवाच्या पुढेच आहे.

सगळे घन इलेक्ट्रोलाइट इतके चपळ नसतात. लिथियम, लँथॅनम आणि झिर्कोनियमचा गार्नेट जातीचा ऑक्साइड साधारण ०.५ च्या घरात असतो, म्हणजे द्रवाच्या विसाव्या भागाएवढा. तरी हिशेब करून बघा. थर २० मायक्रॉनचा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला त्याचा रोध ४ ओहम येतो. आपला १२.६ मिलिॲम्पिअरचा करंट त्यातून गेला की ५० मिलिव्होल्ट खर्च होतात. हे सहज परवडतं. १० वाहकतेच्या सल्फाइडमध्ये तर अडीच मिलिव्होल्टच जातात. म्हणजे मधला थर पातळ करता आला तर घन इलेक्ट्रोलाइट स्वतः अडथळा राहत नाही. १०० मायक्रॉन जाडीचा गार्नेट घेतला तर मात्र पाव व्होल्ट तिथेच जातो, म्हणून पातळ आणि अखंड थर बनवण्यावर एवढी मेहनत चालली आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घन इलेक्ट्रोलाइट वापरून ग्राफाइट काढून टाकायचं आणि लिथियम धातूचाच ॲनोड ठेवायचा. काही रचनांमध्ये तर सुरुवातीला नुसती तांब्याची फॉइल असते, पहिल्या चार्जिंगला तिच्यावर लिथियमचा थर तयार होतो. ग्राफाइटमध्ये जी प्लेटिंग बिघाड समजली जाते, तीच इथे ॲनोडचं काम होऊन बसते. ०.१ व्होल्टचा कडा राहत नाही. ६० मायक्रॉनच्या सच्छिद्र थरातून वाट काढायची नाही आणि कणाच्या आत लिथियम मुरण्याची वाटही बघायची नाही. आयन इलेक्ट्रोलाइटच्या काठाशी आला, इलेक्ट्रॉन मिळाला, धातू झाला. तत्त्वतः ॲनोड भरत आला म्हणून वेग कमी करण्याचं कारणही उरत नाही. वेगवान चार्जिंगच्या अपेक्षेचा सगळ्यात मोठा भाग इथून येतो.

मग द्रवातच धातूचा ॲनोड का ठेवत नाहीत? ते करून झालं आहे. कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीने १९८० च्या दशकात असे सेल बाजारात आणले आणि आगीच्या घटनांनंतर १९८९ मध्ये ते परत मागवावे लागले. द्रवात लिथियम मऊ शेवाळासारखं किंवा काट्यांसारखं वाढतं, दर खेपेला नवा पृष्ठभाग द्रवाशी अभिक्रिया करतो आणि दोन्ही संपत जातात. १९९१ मध्ये सोनीने आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीत धातू टाळून कार्बनचा ॲनोड घेतला होता. सुरक्षितता मिळाली आणि त्याबरोबर चार्जिंगचा हा लगामही आला.

तापमानाचाही थोडा हात आहे. ६० किलोवॅट-तासांचा पॅक १० मिनिटांत १० वरून ८० टक्क्यांवर न्यायचा तर सरासरी २५० किलोवॅट शक्ती लागते. त्यातली ५ टक्के जरी उष्णतेत गेली तरी साडेबारा किलोवॅट उष्णता सेलमध्ये तयार होते. द्रवाच्या सेलला ६० अंशांच्या आसपास फार वेळ ठेवणं चांगलं नाही, विद्रावक आणि ग्राफाइटवरचं संरक्षक पटल झिजू लागतं. बरेच घन इलेक्ट्रोलाइट तेवढ्या तापमानाला टिकतात, उलट २५ वरून ६० अंशांवर गेले की त्यांची वाहकता साधारण तिप्पट होते. त्यामुळे गरम होणं हा इथे तेवढा मोठा धोका राहत नाही.

इथवर सगळं बाजूने बोललो. पण यातलं बरंच काही 'सॉलिड-स्टेट' या नावाखाली नेमकं काय विकलं जातंय यावर अवलंबून आहे. घन इलेक्ट्रोलाइट आणि ॲनोड मात्र ग्राफाइटच, अशा सेलला ०.१ व्होल्टची अडचण तशीच राहते. पॉलिमर इलेक्ट्रोलाइट असेल तर तो बहुधा ६० ते ८० अंशांना गरम ठेवावा लागतो, थंड असताना त्याची वाहकता फारच कमी असते. आणि 'सेमी-सॉलिड' म्हणतात त्यात थोडा द्रव असतोच. तेव्हा आधी ॲनोड कशाचा आहे ते विचारा.

धातूचा ॲनोड असला तरी अडचणी आहेत आणि माझा सर्वाधिक वेळ त्यांच्यातच जातो. पूर्वी असा समज होता की इलेक्ट्रोलाइट लिथियमपेक्षा पुरेसा कडक असला की काटे त्यात शिरणार नाहीत. गार्नेट लिथियमपेक्षा दसपटीहून कडक आहे, तरी लिथियम त्यात शिरतं. ते पृष्ठभागावरच्या केसाएवढ्या चिरेत साचतं, आतून दाब देतं आणि चीर पुढे फाडत नेतं. ज्या करंटला हे सुरू होतं त्याला क्रांतिक करंट घनता म्हणतात. साध्या गार्नेटच्या गोळीवर, सामान्य तापमानाला, ती अनेकदा दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिॲम्पिअरच्याही खाली येते. आपल्याला हवेत १२.६. तुमच्या प्रश्नाचं खरं कठीण उत्तर या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

हे अंतर का पडतं, याचं एक कारण डिस्चार्जमध्ये दडलेलं आहे. डिस्चार्ज होताना इलेक्ट्रोलाइटला चिकटलेलं लिथियम निघून जातं. ते भरून काढायला मागचं लिथियम तेवढ्या वेगाने पुढे सरकलं नाही, तर सीमेवर पोकळ्या होतात. द्रव असता तर तो त्या जागेत शिरला असता, घन पदार्थ शिरू शकत नाही. पुढच्या चार्जिंगला सगळा करंट उरलेल्या थोड्या टेकू-बिंदूंमधून जातो आणि तिथे स्थानिक करंट सरासरीच्या कितीतरी पट होतो. मग काटा नेमका तिथेच उगवतो. म्हणजे गाडी जोरात पळवल्याचा परिणाम पुढच्या चार्जिंगवर होऊ शकतो. यावर उपाय म्हणून सेल दाबून धरतात, बरेचदा काही मेगापास्कलने, आणि थोडं गरम ठेवतात, कारण लिथियम मऊ होऊन पोकळ्या भरतं. पण हा दाब गाडीच्या पॅकमध्ये द्यायचा तर जाड पट्ट्या आणि स्प्रिंग आले, वजन आलं. दाब फार वाढवला तर मऊ लिथियम स्वतःच चिरांमध्ये घुसतं. त्यात आपल्या उदाहरणात १० मिनिटांत सुमारे १० मायक्रॉन जाडीचं लिथियम नव्याने साचतं. प्रत्येक थरात एवढी फूग आणि डिस्चार्जला तेवढंच आकसणं, हे सांभाळून दाब सारखा ठेवायचा असतो.

सीमेवरचा संपर्क बिघडला की काय होतं तेही आकड्यात बघा. मघाशी गार्नेटच्या थराचा रोध ४ ओहम आला. सीमेवर ५० ओहम असले, आणि खराब संपर्कात ते सहज असतात, तर १२.६ मिलिॲम्पिअरला ६३० मिलिव्होल्ट तिथेच जातात. इलेक्ट्रोलाइटची वाहकता कितीही वाढवली तरी हे भरून निघत नाही.

काटा आरपार गेला की द्रवाच्या सेलसारखा दणका बसेलच असं नाही. बऱ्याचदा 'सॉफ्ट शॉर्ट' होतो. चार्जिंग चालू असताना व्होल्टेज चढायचं थांबतं किंवा किंचित खाली येतं, आणि चार्जर भरतच राहतो. काढून ठेवला की व्होल्टेज गळत जातं. टाकलेला चार्ज आणि परत मिळालेला चार्ज यांचं गुणोत्तर ९९.९ टक्क्यांवरून घसरून ९७-९८ टक्क्यांवर आलं की मी तो सेल बाजूला काढतो. नवख्यांची इथे एक गफलत होते. रोध अचानक कमी झालेला दिसला की सेल सुधारला असं वाटतं. प्रत्यक्षात आयनांच्या वाटेला समांतर अशी धातूची एक वाट तयार झालेली असते.

कॅथोडची बाजूही विसरून चालणार नाही, कारण ॲनोडचा लगाम सुटला की पुढचा लगाम तीच होते. तिथे सक्रिय पदार्थाचे कण आणि घन इलेक्ट्रोलाइटची भुकटी एकत्र दाबून थर बनवतात. आयनांना भुकटीच्या वेड्यावाकड्या वाटांनी जावं लागतं, त्यामुळे मूळ वाहकता १० असली तरी थरात ती बरीच कमी भरते. निकेलबहुल कण चार्ज होताना काही टक्के आकुंचन पावतात आणि आजूबाजूच्या इलेक्ट्रोलाइटपासून सुटतात. सुटलेला कण म्हणजे वापरातून गेलेला कण. शिवाय सल्फाइड आणि कॅथोड एकमेकांना झेपत नाहीत, म्हणून कणांवर लिथियम निओबेटसारख्या ऑक्साइडचं काही नॅनोमीटरचं अस्तर द्यावं लागतं.

इकडे द्रवाचे सेलही जागेवर थांबलेले नाहीत. सेल चार्ज करण्यापुरता ६० अंशांपर्यंत गरम करायचा आणि लगेच थंड करायचा, ही युक्ती अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २०१९ मध्ये दाखवली गेली. गरम ग्राफाइटमध्ये लिथियम भराभर शिरतं आणि प्लेटिंग टळते. पातळ थर, बारीक कण आणि चांगले विद्रावक वापरून लोह फॉस्फेटचे सेलही आता १० मिनिटांच्या आसपास ८० टक्क्यांवर नेले जात आहेत. तेव्हा तुलना करायची ती दहा वर्षांपूर्वीच्या द्रव सेलशी नको. माझ्या मते सॉलिड-स्टेटचं बळ नुसत्या वेगात नाही. वेगासाठी द्रवाच्या सेलमध्ये थर पातळ करावा लागतो आणि त्याच आकाराच्या पॅकमध्ये ऊर्जा कमी मावते. धातूच्या ॲनोडने ही सौदेबाजी बरीच कमी होऊ शकते: ग्राफाइट एका ग्रॅमला ३७२ मिलिॲम्पिअर-तास धरतं, लिथियम धातू ३,८६०.

पुढच्या वेळी 'इतक्या मिनिटांत चार्ज' अशी बातमी वाचाल तेव्हा तापमान, दाब, दर चौरस सेंटिमीटरची क्षमता आणि तशा वेगाने चार्ज-डिस्चार्जच्या किती फेऱ्या झाल्या, हे चार आकडे शोधा. सॅमसंगच्या संशोधकांनी २०२० मध्ये ग्राफाइटऐवजी चांदी आणि कार्बनचा पातळ थर वापरून १,००० हून अधिक फेऱ्या टिकणारा सल्फाइड सेल दाखवला. काम उत्तमच आहे, पण त्या चाचण्या ६० अंशांना होत्या. एका नाण्याएवढ्या सेलवर, ४५-६० अंशांना, दाबून धरून, अर्ध्या मिलिॲम्पिअर-तासाच्या थरावर ५ मिनिटांचं चार्जिंग दाखवणं तुलनेने सोपं आहे, कारण तिथे करंट ५-६ मिलिॲम्पिअरच लागतो. ३ मिलिॲम्पिअर-तास, २५ अंश, एक मेगापास्कलच्या आत दाब आणि प्रत्येक फेरीला १० मिनिटांचं चार्जिंग धरून ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता शिल्लक, असा तक्ता कुणी पूर्ण सेलवर दाखवला, तर मी त्याला गाडीच्या लायकीचा म्हणेन.